शंभर पट भाडं: गिरगावातल्या एका चाळीच्या तिसऱ्या हिश्श्याची किंमत

मी मालमत्तांचं मूल्यांकन करतो. ताई पुण्याहून माझ्याकडे आल्या त्या दिवशी त्यांच्या पिशवीत दोनच वस्तू होत्या. एक, थोरल्या भावाने हाताने लिहिलेला कागद. दुसरी, भाडेपावत्यांची स्थळप्रत असलेली जुनी वही, कापडी पाठीची. कागदावर चार ओळी होत्या. महिन्याचं भाडं 10,000. शंभर पट म्हणजे 10,00,000. तिसरा हिस्सा 3,33,333. आणि खाली, "मी साडेतीन देतो, विषय संपवू."

गिरगावातली ही चाळ त्यांच्या आजोबांची. तळमजला आणि वर तीन मजले, 24 खोल्या, सगळे पागडीचे भाडेकरू. मालकी आता तिघा भावंडांची, समसमान. थोरले बंधू तिथेच राहतात आणि चाळीचं सगळं तेच बघतात. मधले परदेशी असतात, त्यांना यात रस नाही. ताई निवृत्त शिक्षिका. भावाशी भांडायचं नव्हतं, फसायचंही नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत.)

मी पहिला प्रश्न विचारला तो हा, की शंभर पट आलं कुठून? ताईंना माहीत नव्हतं, मला अंदाज होता. 5 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही घटनेच्या 39(ब) कलमातली 'समाजाची भौतिक संसाधने' ठरत नाही, असं बहुमताने त्यात म्हटलं. तो खटला मुंबईतल्या घरमालकांच्या संघटनेचा, आणि भांडण म्हाडा कायद्याच्या आठ-अ प्रकरणाचं होतं. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीतल्या 70 टक्के भाडेकरूंनी संस्था करून मागणी केली तर सरकार ती इमारत संपादित करू शकतं, आणि मालकाला द्यायची रक्कम म्हणजे महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट. घटनापीठाने उत्तर दिलं ते घटनेच्या प्रश्नाचं. शंभर पट पुरेसे की अपुरे, हे त्याने ठरवलेलं नाही. पण त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून हा आकडा फिरला आणि बंधूंच्या कागदावर येऊन बसला.

आता या आकड्याच्या पोटात काय आहे ते बघू. महिन्याला 10,000 म्हणजे वर्षाला 1,20,000. दहा लाखांवर दरसाल 1,20,000 मिळतात, म्हणजे दर झाला 12 टक्के. उलट बाजूने म्हणायचं तर, कुणी दहा लाख 12 टक्क्यांनी गुंतवले तर मुद्दल न मोडता दर वर्षी 1,20,000 कायमचे काढता येतील. कधीही न संपणाऱ्या ठरावीक रकमेची आजची किंमत काढायचं सूत्र एवढंच आहे:

V = C / r

C म्हणजे वर्षाची रक्कम, r म्हणजे दर. याला परपेच्युइटी म्हणतात. आमच्या मूल्यांकनाच्या धंद्यात हीच गोष्ट 'वायपी' म्हणून सांगतात, म्हणजे किती वर्षांच्या उत्पन्नाला मालमत्ता विकत घेतली. शंभर महिने म्हणजे 8.33 वर्षांचा वायपी. कायद्यात 12 टक्के हा शब्द कुठे नाही, पण शंभर पट म्हटलं की तो दर गृहीत धरला जातो. शिवाय आणखी एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली जाते: भाडं कधीच वाढणार नाही.

एके काळी हे गृहीतक खरंच होतं. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधलं होतं. पन्नास वर्षांनी, 1997 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की काळाच्या ओघात ही तरतूद अवाजवी झाली आहे. त्यानंतर आलेला 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याच्या 11 व्या कलमाने मालकाला दरसाल 4 टक्के भाडेवाढीचा हक्क दिला. तेव्हा आज भाड्याला 'न वाढणारं' म्हणायचं तर त्याला कायद्याचा आधार उरलेला नाही.

वाढ धरली की सूत्रात फक्त भाजक बदलतो:

V = C1 / (r − g)

g म्हणजे वाढीचा दर, आणि C1 म्हणजे पुढच्या वर्षी हातात येणारी रक्कम, चालू वर्षाची नव्हे. वाढत्या लाभांशाच्या शेअरची किंमत याच सूत्राने काढतात. तिथे लाभांश असतो, इथे भाडं आहे. 4 टक्के वाढीने पुढच्या वर्षीचं भाडं 1,24,800. भाजक 12 वजा 4, म्हणजे 8 टक्के. उत्तर 15,60,000. शंभर पटीच्या जागी 156 पट.

ताईंचा चेहरा खुलला. मी म्हटलं, थांबा, अजून वही उघडलेली नाही.

त्याआधी एक छोटं विषयांतर. बंधूंच्या कपाटात नव्वदच्या दशकातला एक मूल्यांकन अहवालही होता, संपत्ती कराच्या वेळचा. त्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत निव्वळ भाड्याला 12.5 ने गुणायचं असे, जमीन स्वतःच्या मालकीची असेल तर. 12.5 म्हणजे 8 टक्क्यांचा वायपी. आमच्या हिशेबात 12 टक्के दर आणि 4 टक्के वाढ धरली तरी भाजक 8 टक्केच येतो. गुणक एक, पण आतल्या गोष्टी दोन. पहिल्यात पैसा कमी जोखमीचा पण गोठलेला आहे, दुसऱ्यात जोखमीचा पण वाढणारा. कुणी नुसता गुणक सांगितला तर यातलं कोणतं ते कळत नाही, म्हणून मी नेहमी r आणि g वेगवेगळे लिहून मागतो. (संपत्ती कर 2016-17 या कर निर्धारण वर्षापासून रद्द झाला, पण 12.5 चा गुणक अजून लोकांच्या तोंडी आहे.)

वही काय म्हणते

प्रत्येक पावतीवर तीन रकाने होते: भाडं, पालिकेचा कर, दुरुस्ती उपकर. बँकेत जमा होणारी रक्कम यांची बेरीज असते. पण कर आणि उपकर मालक भाडेकरूंकडून घेऊन पुढे भरतो, ते त्याचं उत्पन्न नाही. बंधूंनी 10,000 चा आकडा फक्त भाड्याच्या रकान्यातून घेतला होता, तेव्हा तिथे त्यांची चूक नव्हती. बँकेच्या पासबुकावरून हिशेब करणारे पुष्कळ जण मात्र इथेच घसरतात.

मग मी जुन्या वर्षांच्या बेरजा घातल्या. 2004 मध्ये चाळीचं एकूण भाडं महिन्याला 6,000 होतं, 2024 मध्ये 10,000. कायद्याने दिलेली 4 टक्के वाढ दर वर्षी चढवली असती तर वीस वर्षांत 6,000 चे 13,100 च्या पुढे गेले असते. प्रत्यक्षातली वाढ निघते वर्षाला 2.6 टक्के. वहीत तीन-चार वर्षं आकडा तोच दिसतो, मग एकदम उडी, पुन्हा तोच. "कुणाकुणाशी वाद घालणार?" बंधू फोनवर म्हणाले. "तळमजल्यावरचे आजोबा आपल्या वडिलांच्या वर्गातले. त्यांना दहा रुपयांची नोटीस द्यायची?"

मुद्दा बरोबर आहे. सूत्रात g घालायचा तो कायदा देतो तेवढा नव्हे, मालक वसूल करतो तेवढा. राहिलेली वाढ आता एकदम चढवता येईल का, हा वकिलाचा प्रश्न. मी तो किमतीत धरला नाही. 2.6 टक्क्यांनी पुढच्या वर्षीचं भाडं 1,23,120, भाजक 9.4 टक्के, किंमत सुमारे 13,10,000. म्हणजे अजूनही बंधूंच्या दहा लाखांच्या वर. वाढीतल्या दीड टक्क्याच्या फरकाने अडीच लाख गेले, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

कारण यानंतर खर्च. जिन्याचे दिवे, पाण्याचा पंप, सफाईवाला, गच्चीचं गळणं, पावसाळ्यापूर्वीची डागडुजी, एका जुन्या दाव्याचे वकील. मालकाच्या खिशातून वर्षाला 78,000 जातात. (मोठी रचनात्मक दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे, उपकर त्यासाठीच असतो. हा खर्च त्याव्यतिरिक्तचा.) हातात राहतात 42,000.

इथे मूल्यांकनातली सगळ्यात सराईत चूक होते. लोक निव्वळ 42,000 घेतात, त्यावर 4 टक्के वाढ लावतात, 8 टक्क्यांनी भागतात आणि 5,46,000 असं उत्तर लिहितात. कागदावर त्यात काही खटकत नाही. पण निव्वळ उत्पन्न 4 टक्क्यांनी वाढायचं असेल तर खर्चही 4 टक्क्यांनीच वाढायला हवा. सफाईवाल्याचा पगार आणि गवंड्याची मजुरी भाडे नियंत्रण कायदा वाचून वाढत नाहीत. बंधूंच्या खर्चाच्या वहीवरून वाढ निघाली 6 टक्क्यांच्या आसपास.

दोन प्रवाह वेगवेगळ्या वेगाने वाढत असतील तर त्यांची वजाबाकी कुठल्याच एका ठरावीक दराने वाढत नाही, आणि वाढत्या परपेच्युइटीचं सूत्र ठरावीक दरावरच उभं आहे. म्हणून दोन्ही प्रवाहांची किंमत वेगळी काढायची आणि मग वजा करायची. खर्चाची बाजू: पुढच्या वर्षी 82,680, भाजक 12 वजा 6 म्हणजे 6 टक्के, किंमत 13,78,000. भाड्याची बाजू, कायद्याची पूर्ण 4 टक्के वाढ धरून, 15,60,000. फरक 1,82,000. आणि वहीतली खरी वाढ धरली तर 13,10,000 वजा 13,78,000, म्हणजे उणे 68,000.

ताईंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे आमची चाळ उणे किमतीची?"

चाळ नव्हे, तिचं भाडं. आणि उणे हे उत्तरही शब्दशः घ्यायचं नसतं. ते सांगतं एवढंच की या वेगाने एक दिवस खर्च भाड्याला गाठणार. 2.6 आणि 6 टक्क्यांनी तो दिवस साधारण तेरा वर्षांनी येतो, पूर्ण 4 टक्के वाढ घेतली तरी बावीस-तेवीस वर्षांनी. त्यानंतरची अनंत वर्षांची तूट सूत्राने इमानेइतबारे मोजून आजच्या किमतीतून कापली. खरा मालक तसं करत नाही, तो खर्च करायचं थांबवतो. गिरगाव-लालबागला जिन्याखाली लाकडी टेकू दिलेल्या चाळी दिसतात, त्यांच्यामागे हा हिशेबही असतो. तूट सुरू होण्यापूर्वीची वर्षंच धरली तर आजची किंमत 2.6 टक्के भाडेवाढीला सुमारे 1,86,000 आणि 4 टक्के वाढीला सुमारे 2,87,000 येते. म्हणजे अख्ख्या चाळीच्या भाड्याची किंमत दोन ते तीन लाख.

मग बंधूंचे दहा लाख म्हणजे उदारपणाच झाला की! निव्वळ भाड्यापुरतं बोलायचं तर हो. ताईंना मी हे स्पष्ट सांगितलं आणि त्या थोड्या ओशाळल्याही.

पावती बदलण्याचे पैसे

वहीच्या शेवटच्या पानांवर मात्र वेगळीच यादी होती: कोणत्या खोलीची पावती कधी, कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली. पागडीच्या चाळीत मालकाचं खरं उत्पन्न इथे असतं. भाडेकरू खोली दुसऱ्याला देतो तेव्हा पावती नव्या नावावर करायला मालकाची संमती लागते, आणि त्या संमतीचे पैसे घेणं 1999 च्या कायद्याच्या 56 व्या कलमाने अधिकृत केलं. रिवाजाने मालकाचा वाटा किमतीच्या एक तृतीयांश धरतात, घासाघीस होऊन कमीही होतो.

वीस वर्षांत 16 नावं बदलली होती. त्यातली 6 वारसाची, बापाची पावती मुलाच्या नावावर, त्यात पैसे नाहीत. ती वगळली. उरलेली 10 बाहेरच्यांची, म्हणजे सरासरी दोन वर्षांला एक. शेवटच्या तीन व्यवहारांत कागदोपत्री मालकाकडे सरासरी 12 लाख आले होते. कागदाबाहेर काय झालं असेल ते मी विचारलं नाही, विचारलं असतं तरी धरलं नसतं. तेव्हा वर्षाची सरासरी आली 6 लाख. चाळीच्या वर्षाच्या भाड्याच्या पाचपट.

यालाही परपेच्युइटी म्हणता येईल का? काठावरचं प्रकरण आहे. पैसा दर वर्षी येत नाही. एखाद्या वर्षी दोन व्यवहार होतात, मग चार वर्षं काहीच नाही. पुनर्विकासाची अफवा उठली की सगळे खोल्या धरून बसतात. पण 24 खोल्या आणि वीस वर्षांची नोंद असताना सरासरी अगदीच हवेतली नाही. मी दोन ठिकाणी हात आखडता घेतला: दर 12 ऐवजी 16 टक्के धरला आणि वाढ शून्य. 6 लाख भागिले 0.16 म्हणजे 37,50,000. व्यवहार निम्म्यावर आले, चार वर्षांला एक झाला, तरी 18,75,000.

"पण चाळ कायमची थोडीच राहणार आहे?" ताईंनी विचारलं. शिक्षिकेचा प्रश्न, आणि नेमका. शंभर वर्षांची इमारत, तिच्यासाठी अनंताचं सूत्र वापरणं हास्यास्पद वाटतं. म्हणून तिथल्या तिथे करून दाखवलं. समजा पंधरा वर्षांत चाळ पुनर्विकासात गेली आणि पावत्यांचा प्रवाह बंद पडला. 16 टक्क्यांनी पंधरा वर्षांनंतरच्या सगळ्या अनंत रकमेची आजची किंमत मूळ किमतीच्या 11 टक्क्यांहून कमी भरते. 37,50,000 चे राहतात सुमारे 33,45,000. वरच्या दराला अनंताची शेपटी लांब असते पण हलकी असते.

दर खाली आला किंवा वाढ जवळ आली की ती जड होते. 8 टक्के दर आणि 4 टक्के वाढ धरा, पहिल्या पंचवीस वर्षांत किमतीचा फक्त 61 टक्के भाग येतो, बाकी सगळा भरवसा न पाहिलेल्या काळावर. त्याच 4 टक्के वाढीला 12 टक्के दर लावला तर पंचवीस वर्षांत 84 टक्के वसूल. म्हणून दुसऱ्याचा अहवाल हातात आला की 'अनंत' शब्दावर अडून न राहता मी आधी भाजक बघतो. r आणि g मधलं अंतर चार टक्के किंवा त्याहून कमी असेल तर एका टक्क्याच्या फेरफाराने किंमत पाचव्या हिश्श्यापासून दुपटीपर्यंत किंवा त्याहूनही जास्त हलते, आणि असा अहवाल लिहिणाऱ्याला हवं ते उत्तर मिळवता येतं. अंतर शून्यावर आलं, वाढ दराला पोचली, की सूत्र बोलायचंच थांबतं. त्या वेळी येणारा प्रचंड किंवा उणे आकडा ही किंमत नसते.

दर कुठून आणला, हेही विचारलं गेलं. केंद्र सरकारचे तीस-चाळीस वर्षांचे रोखे गेली काही वर्षं 7 टक्क्यांच्या आसपास देतात. तिथे पैसा बुडायची भीती नाही आणि जिना चढून वसुलीला जायचं नाही. चाळीच्या भाड्याला त्यावर पाच टक्के चढवले. शंभर पटीतूनही 12 च निघतात, म्हणून दोन्ही बाजूंना ते पटायला सोपं गेलं. पावत्यांच्या पैशाला आणखी चार. हे चार मी अनुभवाने धरले, कोणत्याही कोष्टकातून नव्हे, आणि अहवालात तसंच लिहिलं.

जमिनीची बाब मी मुद्दाम बाजूला ठेवली. पुनर्विकास झाला तर मालकाला काय मिळेल हा एकदाच येणाऱ्या रकमेचा प्रश्न आहे, त्याला चटई क्षेत्र, भाडेकरूंची संख्या आणि विकासकाचा कागद लागतो; परपेच्युइटीच्या सूत्रात ते कोंबायचं नसतं. पण विक्रीच्या कागदावर सही केली असती तर ताईंचा तोही हक्क साडेतीन लाखांतच गेला असता.

रविवारी बंधूंच्या घरी बसलो. मी दोनच ओळी पुढे ठेवल्या: भाड्याची किंमत अख्ख्या चाळीसाठी दोन ते तीन लाख, पावत्यांची साडेतेहतीस लाखांच्या आसपास. त्यांनी दुसरी ओळ बराच वेळ पाहिली. "पावतीचे पैसे मी भाड्यात धरलेच नव्हते," ते म्हणाले. मला ते खरं वाटलं. शंभर पट ऐकून माणूस फक्त भाड्याच्याच रकान्याकडे बघतो.

शेवटी खरेदी-विक्री झालीच नाही. वकिलाकडून कौटुंबिक व्यवस्थेचा कागद करून घेतला. भाड्यातला आपला हिस्सा ताईंनी थोरल्या भावाला मोफत सोडला, कारण वसुलीची, दुरुस्तीची आणि तेरा वर्षांनी येणाऱ्या तुटीचीही जबाबदारी त्यांचीच राहणार होती. बदल्यात पावती बदलण्याच्या प्रत्येक रकमेतला तिसरा हिस्सा थेट ताईंच्या खात्यात, आणि जमिनीतला हक्क जसाच्या तसा. निघताना बंधूंनी वही परत मागितली. ताईंनी आधी शेवटच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि मग ती त्यांच्या हातात दिली.